आजीला वाढदिवसाचा मेसेज: क्रियापद जुनं, मागणं नवं

आजीच्या वाढदिवसाला सकाळी फोन हातात घेऊन बसलेल्या नातवंडाची पंचाईत ठरलेली असते. ‘आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहावं तर ते चौकातल्या फ्लेक्ससारखं दिसतं. फक्त ‘हॅपी बड्डे आज्जी, लव्ह यू’ लिहावं तर अर्ध्या तासात आईचा फोन येतो, ‘अरे, नमस्कार तरी लिहायचास!’ मग दोन्ही एकत्र करायला जावं, तर वर संस्कृत आणि खाली इमोजी असं काहीतरी तयार होतं. त्यात संस्कृतही आपलं नसतं आणि बोलणंही आपलं नसतं.

ज्यांचं मराठी बोलणं चांगलं आहे पण लिहायची सवय नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पाच-सहा ओळींचा मेसेज पुरतो. त्यात जुना आशीर्वाद असावा, आपली रोजची भाषा असावी, आणि दोन्हींमधला टाका दिसू नये, एवढंच साधायचं आहे.

आधी दिशा समजून घ्या

आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली येतो. मोठ्यांनी द्यायचा, लहानांनी घ्यायचा. ‘आयुष्मान भव’, ‘विजयी भव’, ‘औक्षवंत हो’, ‘सुखी राहा’ हे सगळं आजी आपल्याला म्हणते. आपण तिला म्हणायचं नसतं. इंटरनेटवर ‘मराठी आशीर्वाद’ शोधून जी यादी मिळते, ती बहुतेक मोठ्यांनी लहानांना द्यायच्या आशीर्वादांची असते. त्यातला एखादा उचलून आजीला पाठवला तर नातवाने आजीच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं होतं. ती काही बोलणार नाही, उलट हसेल. पण शेजारच्या काकूंना मेसेज वाचून दाखवताना ती ओळ गाळेल. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ तर नव्या नवरीचा आशीर्वाद. आजोबा गेलेले असताना ‘अखंड सौभाग्यवती’ पाठवणारे महाभागही असतात. त्यांनी शब्द पाहिले, अर्थ पाहिला नाही.

मग लहानांनी मोठ्यांसाठी चांगलं मागायचं कसं? त्याचीही वाट आपल्याच भाषेत आहे. आपण द्यायचं नाही, देवाकडे मागायचं. ‘आई अंबाबाई तुला उदंड आयुष्य देवो.’ इथे देणारी अंबाबाई, घेणारी आजी, आणि आपण मध्ये हात जोडून उभे. ‘देवो, ठेवो, राहो, लाभो, होवो, मिळो’ या ओ-कारान्त क्रियापदांनी नेमकं हे काम होतं. पुढचं सगळं याच रूपांवर उभं राहणार आहे, म्हणून ती तोंडात बसवून घ्या.

दुसरी गोष्ट नमस्काराची. वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस असतो तो मोठ्यांच्या पाया पडतो. आजीच घरात सगळ्यांत मोठी असली की तिने कोणाच्या पाया पडायचं? त्या दिवशी घर तिच्या पाया पडतं. तेव्हा मेसेजमध्ये नमस्कार हवाच. आणि नमस्कार केला की आशीर्वाद मागायचा हक्क आपोआप मिळतो. म्हणजे जुन्या रीतीचे तीन तुकडे झाले: तिला नमस्कार, तिच्यासाठी देवाकडे मागणं, आणि तिच्याकडे आशीर्वाद मागणं. पूर्वीच्या पत्रांत ‘तीर्थस्वरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार’ असा मायना असायचा आणि उत्तरात ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ यायचे. देवाणघेवाण तीच आहे, फक्त पोस्टमन गेला.

घरातून चार गोष्टी विचारून घ्या

लिहायला बसण्याआधी आईला किंवा आत्याला एक फोन करा. नेटवर शोधण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

पहिली गोष्ट हाक. तुम्ही तिला समोर जे म्हणता तेच लिहायचं. आज्जी, आजे, माई, अक्का, बाय, मोठीआई, नानी, काहीही असो. ‘प्रिय आजी’ असं आपण कधी हाक मारत नाही, म्हणून ते लिहायचंही नाही. हाकेबरोबर तू की तुम्ही हेही ठरतं. पुष्कळ घरांत आजीला ‘अगं’ म्हणतात, आणि काही घरांत वडिलांच्या आईला आजही अहो-जाहो असतं. जे घरात आहे ते ठेवा. फक्त वरच्या ओळीत ‘आपणांस’, मधे ‘तुम्ही’ आणि शेवटी ‘तू’ असं होऊ देऊ नका. कॉपी केलेला मेसेज सगळ्यांत आधी इथे पकडला जातो.

दुसरी गोष्ट दैवत. कोणाच्या घरी तुळजाभवानी, कोणाच्या घरी जेजुरीचा खंडोबा, जोतिबा, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी, कार्ल्याची एकवीरा, गोव्याकडे मूळ असेल तर मंगेश किंवा शांतादुर्गा. वारकरी घरात पांडुरंग. आजी संकटात ज्याचं नाव घेते तेच नाव घ्यायचं. ‘ईश्वर आपणांस दीर्घायुष्य देवो’ हे चुकीचं नाही, पण ‘ईश्वर’ हा शब्द आजीच्या तोंडी कधी ऐकलाय का? बौद्ध घरात वेदातला मंत्र चिकटवू नये. तिथे वाढदिवसाच्या मंगलकामना देतात, आणि ‘भवतु सब्ब मंगलं’ ही ओळ आजीला रोजच्या वंदनेतून पाठ असते. आजी देवधर्म करणारी नसेल तर ‘लाभो’ वापरा. ‘तुला उदंड आयुष्य लाभो’ या वाक्यात कोणत्याच देवाचं नाव लागत नाही आणि त्याचा भारदस्तपणाही कमी होत नाही.

तिसरी गोष्ट वय, आणि तारीख. आजीच्या पिढीतल्या अनेकांच्या कागदावर १ जून ही जन्मतारीख असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लावलेली असते. खरा वाढदिवस तिथीने, ‘कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी’ अशा हिशोबाने घरात धरतात. आधार कार्डावरच्या तारखेला मेसेज पाठवला आणि आजीने विचारलं ‘आज काय आहे?’, तर सगळी मेहनत वाया. वयाचा आकडाही विचारा, आणि नीट विचारा: ७९ पूर्ण झाली की ७९वं लागलं? आजीच्या पिढीत लागलेलं वर्ष सांगायची पद्धत आहे, आपण पूर्ण झालेलं मोजतो. ७५ असेल तर अमृतमहोत्सव. ८० ओलांडली असेल तर सहस्रचंद्रदर्शन. वर्षात सरासरी १२.३७ पौर्णिमा येतात, त्या हिशोबाने हजार पौर्णिमा साधारण ८० वर्षं १० महिन्यांनी भरतात. हे माहीत असलं की ‘हजार पौर्णिमा बघितल्यास, एकदाही फ्लॅश लागला नाही’ अशी ओळ सुचते. नुसत्या ‘८१व्या वाढदिवसाच्या शुभेच्छा’मधून ती सुचत नाही.

चौथी गोष्ट तिचं स्वतःचं वाक्य. प्रत्येक आजीचा आशीर्वादाचा एक ठरलेला शब्द असतो. कोणी ‘औक्षवंत हो’ म्हणते, कोणी ‘मोठी हो, पण उंचीने नको’ म्हणते, कोणी नुसतं ‘असू दे, असू दे’ म्हणत पाठीवर हात फिरवते. कोणी कानशिलावर बोटं मोडून अलाबला घेते. हे टिपून ठेवा. पारंपरिक आशीर्वाद म्हणजे संस्कृतच असा काही नियम नाही. तुमच्या घरातली परंपरा म्हणजे आजीचं हेच वाक्य.

क्रियापदाला हात लावू नका

आता मुख्य कारागिरी. जुनं आणि नवं एकाच वाक्यात आणायचं असेल तर क्रियापद आणि कर्ता जुना ठेवा, आणि जे मागायचं आहे ते नवं ठेवा.

‘खंडेराया तुला उदंड आयुष्य देवो, आणि तुझ्या फोनचं नेट कधी न संपो.’

इथे देणारा खंडेराया जागेवर आहे, ‘देवो’ आणि ‘न संपो’ ही मागण्याची रूपं जागेवर आहेत. फक्त मागणं आजच्या घरातलं आहे. म्हणून हे वाक्य गमतीचं असूनही प्रार्थनाच राहतं. आता हेच उलटं करून पाहा: ‘खंडेराया तुला मस्त चिल लाइफ देऊन टाको.’ इथे क्रियापदच सैल झालं. देवाशी बोलतोय की मित्राशी, ते कळत नाही, आणि आजीला तर ‘चिल’ म्हणजे थंडी वाटण्याची शक्यता आहे. ‘देवो’ऐवजी ‘देऊ दे’ चालेल, ते बोलीतलं आहे आणि तेवढंच मनापासूनचं आहे. मात्र एका वाक्यात एकच धरा. ‘आयुष्य देवो आणि गुडघे बरे होऊ देत’ म्हटलं की अर्ध्यात सूर बदलतो.

दुसरं, मोठं मागणं आधी आणि छोटं नंतर. आयुष्य, तब्येत, मग नेट. नेट आधी आणि आयुष्य नंतर आलं तर आयुष्यच गमतीत जातं. आणि गमतीचं मागणं एकच पुरे. दोन झाली की पहिलं खरं मागणंही विनोद वाटायला लागतं.

तिसरं, नवं मागणं तिच्या आयुष्यातलं असू दे. नेट, रिचार्ज, मालिकेच्या वेळी लाइट न जाणं, डॉक्टरांनी बंद केलेलं गोड, मोतीबिंदूचं ऑपरेशन, भिशीचा नंबर. इंटरनेटवरचे विनोद आपल्या वयाचे असतात, तिचे नाहीत.

संस्कृत ओळ घ्यायचीच असेल तर ती पूर्ण आणि शुद्ध घ्या, आणि तिच्यात काही मिसळू नका. सगळ्यांना माहीत असलेली ओळ म्हणजे ‘जीवेत शरदः शतम्’, तुम्ही शंभर शरद जगावं. हिचा एक चांगला भाऊ आहे. वेदांतल्या मूळ प्रार्थनेत ‘जीवेम शरदः शतम्’ आहे, म्हणजे आपण सगळे शंभर शरद जगूया. मला नातवंडांच्या तोंडी हाच जास्त शोभतो असं वाटतं, कारण त्यात आजीला आशीर्वाद देण्याचा आव येत नाही, तिच्याबरोबर स्वतःसाठीही मागणं होतं. त्याला लगेच बोलीचा हात देता येतो: ‘जीवेम शरदः शतम्. म्हणजे तू पण आणि मी पण. मला एकट्याला शंभर वर्षं कंटाळा येईल.’

इथे एक खाच आहे. आजी ९४ वर्षांची असेल तर ‘शतायुषी व्हा’ किंवा ‘शंभरी गाठ’ म्हणजे फक्त सहा वर्षं दिली. गंमत करणाऱ्या आज्या लगेच म्हणतात, ‘एवढीच का रे?’ पण सगळ्या गंमत करत नाहीत. नव्वदीच्या पुढे आकडा टाळावा. यजुर्वेदातल्या त्याच प्रार्थनेचा शेवट ‘भूयश्च शरदः शतात्’ असा आहे, म्हणजे शंभराहूनही अधिक. नव्वदीच्या आजीसाठी ही ओळ जणू ठेवलेलीच आहे. ‘सेंच्युरी मार’ हे क्रिकेटचं वाक्य ७०-८०च्या घरात छान बसतं. ९६ला ते टेन्शन देतं.

सांधा कुठे आणि कसा

बोलणं आधी, नमस्कार आणि मागणं नंतर, शेवटी तिच्याकडे आशीर्वाद मागणं. असा क्रम ठेवला की मेसेज आपोआप उतरतो. आपण घरी गेल्यावरही असंच होतं. दारात ‘काय गं, बारीक झालीस’ वगैरे होतं, मग आपण वाकतो. वाकल्यावर पुन्हा विनोद सुरू केला तर पाठीवरचा हात मधेच थांबतो. म्हणून मोठं हसू आशीर्वादाच्या आधी संपवा. शेवटच्या ओळीत थोडी लाडीगोडी चालते, कारण ती ओळ तिच्याकडे काहीतरी मागण्याची असते.

दोन भाषा जोडायला आपल्याकडे बोलण्यातलेच शब्द आहेत: ‘आणि हो’, ‘बरं का’, ‘तर ऐक’, ‘ते जाऊ दे, आधी’. ‘ते जाऊ दे, आधी नमस्कार घे’ या एका वाक्यात गंमत संपून गांभीर्य सुरू होतं आणि टाका दिसत नाही. ‘पण’ मात्र जपून वापरा. ‘उदंड आयुष्य देवो, पण औषधं वेळेवर घे’ यात आशीर्वादाला अट लागली. तिथे ‘आणि औषधं वेळेवर घे’ म्हटलं की तीच गोष्ट माया होते.

एक मेसेज सुरुवातीपासून

एक नात धरू. ती पुण्यात नोकरीला, आजी कराडजवळ गावी. आजीला ७९ पूर्ण होऊन ८०वं लागतंय. आजोबा काही वर्षांपूर्वी गेले. घरचं दैवत पालचा खंडोबा. नात आजीला ‘आज्जे’ म्हणते, तू म्हणते. आजी रोज पहाटे साडेपाचला गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवते. व्हिडिओ कॉलवर तिचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. गुडघे दुखतात. आशीर्वाद देताना ती ‘सुखात राहा बाई’ म्हणते.

पहिला मसुदा बहुतेक असा होतो:

‘प्रिय आजी, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आयुष्मान भव! तुम्ही आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ आहात. ईश्वर तुम्हांस निरोगी आयुष्य देवो. लव्ह यू आज्जे, यू आर द बेस्ट!’

यात आजी कुठेच नाही. पहिल्या चार ओळी कोणत्याही नगरसेवकाला पाठवता येतील आणि शेवटची ओळ कोणत्याही मैत्रिणीला. ‘आपणांस’पासून सुरू होऊन ‘आज्जे’वर येताना मधे पायरीच नाही. ‘आयुष्मान भव’ उलट्या दिशेने गेलंय. नमस्कार राहिलाच. ‘आधारस्तंभ’ हा शब्द तिने बहुतेक श्रद्धांजलीच्या जाहिरातीत वाचलेला असतो, म्हणून तो तर आधी काढा.

आता दुसऱ्या टोकाचा मसुदा:

‘आज्जे!! हॅपीवाला बड्डे! एटी इज द न्यू ट्वेंटी! पार्टी कुठे? केक कापताना दात सांभाळ, हाहा.’

हे बोलणं आहे, पण ‘एटी’चं वाक्य इंग्रजीतून उचललेलं आहे, आजीला ते लागणार नाही. दातांचा विनोद स्वयंपाकघरात खपतो. लिहिलेला मेसेज मात्र ती पाहुण्यांसमोर वाचून दाखवते, आणि तिथे तो विनोद तिच्यावर होतो. वयावरचे विनोद तिला स्वतःला करू द्यावेत.

मग घरातून गोळा केलेल्या गोष्टी घेऊन बसायचं. सुरुवात तिच्या साडेपाचच्या गुलाबाने, कारण ते आजच सकाळी आलंय. गंमत पंख्याची, कारण ती तिच्यावर नाही, फोनवर आहे. मग सांधा. मग नमस्कार, खंडोबा, तीन मागणी मोठ्याकडून छोट्याकडे. शेवटी तिचं वाक्य तिच्याचकडून मागून घ्यायचं:

‘आज्जे, हॅपी बड्डे!
पहाटे साडेपाचला तुझं गुलाब पोचलं. वाढदिवस तुझा आणि फुलं आम्हाला, हे कसं काय?
रात्री आठला व्हिडिओ कॉल करते. या वेळी पंखा नको दाखवूस, तू दिस.
ते जाऊ दे, आधी इथूनच वाकून नमस्कार घे. पालचा खंडेराया तुला उदंड आयुष्य देवो, दोन्ही गुडघे ठणठणीत ठेवो, आणि तुझ्या फोनचं नेट कधी न संपो.
आता तुझं ‘सुखात राहा बाई’ पाठव. टाइप करत बसू नकोस, बोलून पाठव.’

यात ‘हॅपी बड्डे’ तसंच ठेवलंय. आजी स्वतः ‘बड्डे’ म्हणते, त्यामुळे तिथे ‘जन्मदिवस’ वगैरे आणायची गरज नाही. संस्कृत ओळ घेतली नाही, कारण खंडेराया आल्यावर दुसरं काही लागत नाही. ‘वाकून नमस्कार’ हा तिच्या ओळखीचा शब्द आणि ‘इथूनच’ हा आपल्या पिढीचा, ते दोन शेजारी बसले की लांब राहण्याची खंतही न सांगता सांगून होते.

घरात अहो-जाहो असेल तर एवढंच बदलतं: ‘तुमचं गुलाब पोचलं’, ‘पंखा नका दाखवू, तुम्ही दिसा’, ‘खंडेराया तुम्हाला उदंड आयुष्य देवो’. मोकळेपणा तू-तुम्हीवर अवलंबून नसतो, हे वाचून पाहिलं की कळेल.

कोकणातली आजी असेल तर

मालवणी घरांना एक तयार साचा मिळालेला आहे, गाऱ्हाणं. देवासमोर एकाने मागणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाण्यात मुळातच मोठ्या गोष्टींबरोबर घरगुती अडचणी देवाला सांगायची रीत आहे, त्यामुळे जुनं-नवं जोडायला काही करावंच लागत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर एकाने लिहावं आणि बाकीच्यांनी खाली ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं:

‘बा देवा म्हाराजा! आज आमच्या आजीचो वाढदिवस आसा. तिका उदंड आयुष्य दी रे म्हाराजा!
जा काय वाकडा-नाकडा आसात, ता दूर कर रे म्हाराजा!
तिचो फोन सारखो हँग होता, तेचा काय ता बघ रे म्हाराजा!
आनि गणपतीक आमका गावाक येवक रजा गावांदे रे म्हाराजा!’

तुमच्या गावची मालवणी थोडी वेगळी असेल. घरातल्या मोठ्या माणसाला एकदा ऐकवून शब्द बदलून घ्या. आणि ही गंमत घरच्या ग्रुपपुरतीच. ज्यांच्याकडे गाऱ्हाणं नाही त्यांनी नुसता आवाज म्हणून ते उचललं तर नाटकातली नक्कल होते.

गंमत कुठे थांबवायची

घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असेल, विशेषतः आजोबा, तर वर्षश्राद्ध होईपर्यंत पुष्कळ घरांत वाढदिवस करत नाहीत. तेव्हा ‘हॅपी बड्डे’ आणि गंमत दोन्ही काढा. ‘आज्जे, आज तुझी खूप आठवण येतेय. वाकून नमस्कार. खंडेराया तुला सांभाळो’ एवढं पुरे. आजी अंथरुणाला खिळलेली असेल तर ‘ठणठणीत ठेवो’ हे तिला टोचतं. तिथे ‘दुखणं हलकं होवो’ किंवा ‘शांत झोप लागो’ असं जे खरंच होऊ शकेल तेच मागा. स्मरण हरवत चाललेल्या आजीला जुन्या आठवणीचं कोडं घालू नका. ‘तुला आठवतंय का’ने सुरू होणारी ओळ टाळा आणि आपलं नाव आणि नातं मेसेजमध्ये येऊ द्या: ‘मी तुझ्या मधल्या लेकाची पोरगी.’

पाठवण्याआधी आणि पाठवल्यावर

एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तुमचं नाही. मराठी कीबोर्डवर लिहा. रोमन अक्षरातली मराठी वाचताना आजीचा चष्मा पुरत नाही. ‘शरदः’मध्ये विसर्ग असतो, इंग्रजी कोलन नाही. विसर्ग अक्षराला चिकटून येतो आणि कोलन सुटा पडतो, त्यामुळे ‘शरद : शतम’ असं काहीतरी दिसतं. ‘जीवेत’चा ‘जी’ दीर्घ, ‘शतम्’च्या म्-चा पाय मोडलेला. फॉरवर्डमध्ये या तिन्ही चुका हमखास असतात, म्हणून तिथून कॉपी करू नका. हात जोडलेला इमोजी एक पुरे, आणि तोही नमस्काराच्या ओळीशेजारी.

आजीला वाचायला त्रास होत असेल तर हेच बोलून पाठवा. बोलताना गमतीच्या ओळी नेहमीच्या वेगाने म्हणा, आणि नमस्कारापासून पुढे थोडं सावकाश. कागदावरून वाचू नका, ते ऐकू येतं.

मेसेज जमला की नाही हे तिच्या उत्तरावरून कळतं. ‘धन्यवाद’ आलं किंवा फुलांचं स्टिकर आलं, तर तुमचा मेसेज तिला परक्या माणसाचा वाटला. ‘कुणी लिहून दिलं गं?’ आलं, तर संस्कृत जास्त झालं. ‘सुखात राहा बाई’ आलं आणि मागोमाग ‘जेवलीस का’ आलं, तर सगळं नीट पोचलं. त्या आशीर्वादावर ‘थँक्यू आजी’ लिहू नका. आशीर्वादाचे आभार मानत नाहीत, पुन्हा नमस्कार करतात. जेवला असाल तर काय जेवलात तेही लिहा, कारण पुढचा प्रश्न तोच येणार आहे.